विश्लेषण : पाच किलो रव्याच्या लाडवांना पाणी किती? एकतारी पाकाचे गणित मोठ्या प्रमाणात का चुकते?

दिवाळी जवळ आली की घरोघरी, सोसायट्यांमध्ये आणि बचत गटांच्या स्वयंपाकघरांत पाकाची पातेली चढतात. अर्धा किलो रव्याचे लाडू वर्षानुवर्षे बिनचूक करणाऱ्या हातांनाही पाच किलोची मागणी आली की पाक दगा देतो. कधी लाडू वळले जात नाहीत, कधी वळलेले दुसऱ्या दिवशी बसतात, तर कधी फोडायला बत्ता लागेल इतके कडक होतात. अर्धा किलोचा पाक बिघडला तर घरात चिवडा होतो तसा तोही खाऊन संपतो. पाच किलोचा बिघडला तर चार किलो साखर, सव्वा किलो तूप आणि घेतलेली मागणी असे सगळेच पणाला लागते. अशा वेळी दोष बहुधा हाताला किंवा साखरेच्या दर्जाला दिला जातो. प्रत्यक्षात तो असतो पाण्याच्या मापात, आणि त्याहीपेक्षा त्या मापाबद्दलच्या आपल्या समजुतीत.

एकतारी पाक म्हणजे नेमके काय?

अंगठा आणि तर्जनी यांमध्ये पाकाचा थेंब धरून बोटे अलगद दूर केली असता एक तार निघते आणि लगेच तुटत नाही, तेव्हा पाक एकतारी झाला असे आपण म्हणतो. ही तार म्हणजे पाकातील साखरेचे प्रमाण मोजण्याची जुनी आणि हुशार पद्धत आहे. पाकात पाणी जास्त असेल तर थेंब नुसता ओला लागतो. पाणी थोडे कमी झाले की बोटे चिकटतात, पण तार येत नाही. आणखी कमी झाले की एक तार, त्यानंतर दोन तारा आणि पुढे गोळीबंद पाक. या सगळ्या पायऱ्यांत साखर तेवढीच असते. कमी होत जाते ते फक्त पाणी.

लाडवांसाठीचा एकतारी पाक वजनाने पाहिला तर त्यात साधारण ७० ते ७३ टक्के साखर आणि उरलेले पाणी असते. म्हणजे एक किलो साखरेमागे सुमारे ३७५ ते ४३० ग्रॅम पाणी. प्रत्येक हाताची ‘एक तार’ थोडी वेगळी असते, म्हणून हा पट्टा दिला आहे. लक्षात ठेवायला सोपा मधला आकडा घ्यायचा तर एक किलो साखरेला ४०० ग्रॅम पाणी, म्हणजे एकूण पाक १ किलो ४०० ग्रॅम. पुढचे सगळे गणित याच एका आकड्यावर उभे आहे.

मग सुरुवातीला पाणी किती घालायचे?

‘एक वाटी साखरेला अर्धी वाटी पाणी’ हे प्रमाण पाककृतींत सर्रास दिलेले असते. कुणी साखर बुडेल इतके पाणी म्हणते, कुणी समसमान घेते. गंमत अशी की यांपैकी कशानेही एकतारी पाक होऊ शकतो. कारण सुरुवातीचे पाणी साखर विरघळण्यासाठी असते आणि त्यातले जास्तीचे पाणी आपण उकळून घालवणारच असतो. एक किलो साखरेत ५०० ग्रॅम पाणी घातले तर १०० ग्रॅम उडवायचे. एक किलो पाणी घातले तर ६०० ग्रॅम उडवायचे. शेवटी पातेल्यात उरायचे ते ४०० ग्रॅमच.

याचा अर्थ सुरुवातीचे प्रमाण गौण आहे असा मात्र नाही. जास्त पाणी घातले की जास्त वेळ उकळावे लागते, गॅस जास्त जातो आणि अंदाज चुकण्याला अधिक वाव मिळतो. फार कमी घातले तर साखर विरघळण्याआधी तळाला लागते, पिवळी पडते आणि पाकाला करपट वास येतो. या दोन्हींच्या मधले सोयीचे माप म्हणजे एक किलो साखरेला अर्धा लिटर पाणी. उकळत्या पाण्यात साखर फार मोठ्या प्रमाणात विरघळते. शंभर अंशाला १०० ग्रॅम पाण्यात जवळपास ४८५ ग्रॅम साखर मावते. त्यामुळे अर्ध्या लिटरमध्ये एक किलो साखर विरघळायला काहीच अडचण येत नाही.

वाटीचे प्रमाण किलोत नेले की काय होते?

पहिली चूक इथेच होते. ज्या वाटीत २०० ग्रॅम साखर मावते, त्याच वाटीत पाणी सुमारे २४० ग्रॅम मावते, कारण साखरेच्या दाण्यांमध्ये हवा असते. म्हणजे ‘वाटीला अर्धी वाटी’ याचा वजनातला अर्थ २०० ग्रॅम साखरेला १२० ग्रॅम पाणी, अर्थात किलोला ६०० ग्रॅम. आणि ‘किलोला अर्धा लिटर’ याचा अर्थ ५०० ग्रॅम. दोन्हींना आपण ‘निम्मे पाणी’च म्हणतो, पण ती दोन वेगळी मापे आहेत.

फरक शंभरच ग्रॅमचा दिसतो, पण उडवायचे पाणी पाहा. किलोला ५०० ग्रॅम घेतले तर १०० ग्रॅम उडवायचे, ६०० घेतले तर २०० ग्रॅम. काम थेट दुप्पट झाले. घरी वाटीने मोजून ‘उकळी आल्यावर पाच मिनिटे’ असा अंदाज बसलेला असतो. मोठ्या कामाला साखर किलोने आणि पाणी लिटरने मोजले जाते. तिथे तोच अंदाज लावला की पाक पुढे जाण्याची शक्यता वाढते. उलट किलोच्या अंदाजाने वाटीचे माप केले तर पाक कच्चा राहतो. म्हणून दोन किलोपेक्षा जास्त साखर असेल तेव्हा वाटी बाजूला ठेवावी. साखर आणि पाणी दोन्ही वजनावर घ्यावे. पाण्याचा एक लिटर म्हणजे एक किलोच, त्यामुळे हिशेब सोपा राहतो.

लाडू वळतो तो कशामुळे?

चारशेच ग्रॅम का, हे समजले की पुढची दुरुस्तीही सोपी होते. आपल्याकडच्या साधारण ३० अंशांच्या हवेत १०० ग्रॅम पाण्यात जेमतेम २२० ग्रॅम साखर विरघळून राहू शकते. या हिशेबाने एक किलो साखर विरघळलेली ठेवायला सुमारे ४५५ ग्रॅम पाणी लागते. पाकात याहून जास्त पाणी असेल तर थंड झाल्यावरही सगळी साखर पाण्यातच राहते. असा पाक चिकट असतो, पण धरून ठेवत नाही. तो गुलाबजामला चालतो, रव्याच्या लाडवाला चालत नाही.

आता पाणी ४०० ग्रॅम असेल तर थंड झाल्यावर त्यात सुमारे ८८० ग्रॅम साखर मावते. उरलेली १२० ग्रॅम, म्हणजे साधारण आठवा भाग, हळूहळू बारीक कणांच्या रूपात बाहेर पडते. हे कण रव्याचे दाणे एकमेकांना धरून ठेवतात. बाकीचा पाक रव्यात मुरतो आणि लाडू आतून मऊ ठेवतो. पाक पुढे जाऊन पाणी ३०० ग्रॅमवर आले तर चित्र बदलते. एवढ्या पाण्यात जेमतेम ६६० ग्रॅम साखर मावते आणि एक तृतीयांश साखर कण होऊन बाहेर येते. लाडू पांढरट, कोरडा आणि दगडासारखा होतो, किंवा वळता वळता भुगा होतो.

रवाही यात आपला वाटा घेतो. भाजलेला रवा पाकातले पाणी शोषून फुगतो. त्यामुळे मोकळे पाणी आणखी कमी होते आणि साखर बसायला मदत होते. पाक ओतल्यावर मिश्रण सैल दिसते आणि दोन-तीन तासांनी आवळते, ते याच दोन क्रियांमुळे. मिश्रण सैल दिसले म्हणून घाईने पाक आणखी उकळणे, ही म्हणूनच नेहमीची चूक ठरते.

मोठ्या पातेल्यात वेळेचा अंदाज का चुकतो?

पाक उकळू लागल्यावर किती वाफ बाहेर पडेल हे मुख्यतः शेगडीच्या आचेवर ठरते. पाककृतीत लिहिलेली मिनिटे ही लिहिणाऱ्याच्या शेगडीची आणि पातेल्याची मिनिटे असतात. घरी अर्धा किलो साखरेला वाटीच्या मापाने ३०० ग्रॅम पाणी घातले, तर उडवायचे असते १०० ग्रॅम. समजा त्याला पाच मिनिटे लागली. हेच माप आठपट केले, चार किलो साखर आणि दोन लिटर ४०० मिलिलिटर पाणी, तर उडवायचे होते ८०० ग्रॅम. त्याच शेगडीवर याला आठपट वेळ, म्हणजे चाळीस मिनिटे लागतील. शिवाय आधी उकळी यायलाच बराच वेळ जातो. पाचाची दहा मिनिटे करून गॅस बंद करणाऱ्याचा पाक कच्चा राहतो तो असा.

दुसरीकडे तीच चार किलो साखर मोठ्या भट्टीवर, पसरट कढईत ठेवली तर आच कित्येक पटींनी जास्त असते. पाणी झपाट्याने उडते आणि एक तार कधी आली, कधी गेली ते कळत नाही. त्यात भर म्हणजे गॅस बंद केल्यावरही मोठा पाक लगेच थंड होत नाही. पाच-साडेपाच किलो पाक आणि जाड बुडाची कढई यांत साठलेली उष्णता काही वेळ वाफ काढतच राहते. छोट्या पातेल्यात हा परिणाम नगण्य असतो, मोठ्यात तो पाऊण तारेचा फरक पाडू शकतो. म्हणून मोठा पाक नेमक्या जागी पोहोचण्याच्या किंचित आधी आच बंद करायची.

पाच किलो रव्याचे गणित कसे मांडायचे?

उदाहरणासाठी पाच किलो रवा, चार किलो साखर आणि सव्वा किलो तूप घेऊ. यातून साधारण ११ किलो लाडू होतात. चाळीस ग्रॅमचा एक धरला तर पावणेतीनशेच्या आसपास.

आधी रिकामी कढई, झाऱ्यासह, काट्यावर ठेवून वजन लिहून ठेवावे. ते तीन किलो आहे असे समजू. त्यात चार किलो साखर आणि दोन लिटर पाणी घातले की वजन झाले नऊ किलो. आपल्याला हवा आहे चार गुणिले १.४, म्हणजे ५ किलो ६०० ग्रॅम पाक. त्यात कढईचे तीन किलो मिळवले की काट्यावर दिसायला हवेत ८ किलो ६०० ग्रॅम. हा आकडा कागदावर मोठ्या अक्षरात लिहावा. पाकाचे सारे काम आता ‘नऊ किलोचे आठ किलो सहाशे करणे’ एवढेच उरले आहे.

साखर विरघळेपर्यंत आच मध्यम ठेवावी आणि ढवळत राहावे. दाणा दिसेनासा झाला की दोन-तीन मिनिटे झाकण ठेवावे. झाकणाखाली जमलेली वाफ कढईच्या कडांवर चिकटलेले साखरेचे कण धुऊन खाली आणते. हे कण तसेच राहिले तर पुढे त्यांच्याभोवती पाक वेळेआधी दाणेदार होतो. नंतर दोन चमचे दूध घातले की मळी फेसाबरोबर वर येते, ती झाऱ्याने काढावी. दुधाने वाढलेले वजन आणि मळीबरोबर गेलेले वजन जवळपास सारखेच असल्याने हिशेब फारसा हलत नाही.

उकळी आल्यावर पाचेक मिनिटांनी गॅस बंद करून पहिले वजन करावे. काट्यावर ८ किलो ८०० दिसले तर पाच मिनिटांत २०० ग्रॅम उडाले, म्हणजे आणखी तेवढाच वेळ हवा, हे आपोआप कळते. दुसऱ्या वेळी ८ किलो ६५०च्या आसपास आले की थांबावे. उरलेले पन्नास ग्रॅम कढईची उष्णता स्वतःच उडवते.

वजन करताना घाई नको. या पाकाचा चटका उकळत्या पाण्याच्या चटक्याहून वाईट असतो, कारण तो त्वचेला चिकटून राहतो. काटा शेगडीच्या शेजारीच, त्याच उंचीवर असावा. त्यावर लाकडी पाट ठेवून पाटाचे वजन शून्य करून घ्यावे, म्हणजे काटा तापत नाही. कढई दोघांनी दोन्ही कान धरून उचलावी. घरातला पाच किलोपर्यंतचा छोटा काटा इथे उपयोगाचा नाही. किराणा दुकानात असतो तसा वीस-तीस किलोचा सपाट काटा लागतो.

काटा नसेल तर?

तापमापक चालतो. पाकातले पाणी कमी होत जाते तसे पाक अधिकाधिक तापमानाला उकळतो. एकतारी पाक साध्या पाण्याच्या उकळीपेक्षा साधारण सहा अंशांनी वर उकळतो. इथे ‘१०६ अंश’ असा आकडा पाठ करण्यात धोका आहे. मुंबईत किंवा रत्नागिरीत पाणी १०० अंशांना उकळते, पुण्यात सुमारे ९८ला आणि महाबळेश्वरात ९५-९६ला, कारण उंचीवर हवेचा दाब कमी असतो. मुंबईचा १०६ अंशांचा नियम महाबळेश्वरात पाळला तर पाक एकतारीच्या बराच पुढे जाईल. म्हणून आधी त्याच तापमापकाने साधे उकळते पाणी मोजावे आणि आलेल्या आकड्यात सहा मिळवावेत. तापमापकात थोडी चूक असेल तर तीही यात आपोआप वजा होते.

मात्र या पद्धतीचा पट्टा अरुंद आहे. किलोला अर्धा लिटर पाण्याचा पाक सुरुवातीलाच पाण्यापेक्षा चारेक अंश वर उकळतो. सहा अंशांना एक तार येते आणि सात-साडेसातला पाक कडक होऊ लागतो. शेवटी शेवटी एका अंशात किलोमागे पन्नासेक ग्रॅम पाण्याचा फरक पडतो. म्हणून अर्धा अंशही दाखवणारा, टोकदार सळीचा तापमापक घ्यावा. सळी पाकाच्या मध्यावर धरावी, तळाला टेकवू नये.

बोटांची तार मोठ्या कामात निरुपयोगी आहे का?

मुळीच नाही, पण ती शेवटची खातरजमा म्हणून वापरावी. तार पाहताना मोठ्या कढईत दोन गोष्टी फसवतात. पहिली, पाक कुठून घेतला. कडेचा पाक पातळ थरात आटून पुढे गेलेला असतो, म्हणून ढवळून मध्यभागातला घ्यावा. दुसरी, तो किती गरम असताना पाहिला. गरम पाक पातळ असतो आणि तार देत नाही, तोच थंड होता होता तार देतो. कढईतून काढल्याबरोबर पाहिले तर कच्चा वाटतो, चमच्यात दोन मिनिटे राहिला तर पुढे गेलेला वाटतो. म्हणून थेंब कोरड्या स्टीलच्या ताटलीत टाकावा, दहापर्यंत मोजावे आणि मग बोटांत धरावा. प्रत्येक वेळी एवढेच थांबले तर दोन थेंबांची तुलना खरी होते. थेंब पाहताना गॅस बंद असावा. मोठ्या आचेवर एवढ्या वेळातही पाक पुढे सरकतो.

पाक पुढे गेला किंवा मागे राहिला तर?

रवा घालण्याआधी लक्षात आले तर काहीच बिघडलेले नसते. काट्यावर ८ किलो ६००ऐवजी ८ किलो ४०० दिसले, तर २०० ग्रॅम पाणी जास्त उडाले आहे. तेवढेच गरम पाणी घालून, ढवळून एक उकळी काढली की पाक पुन्हा एकतारी होतो. पाकाचा रंग पिवळा-तपकिरी झाला असेल किंवा करपट वास येत असेल, तरच तो परत आणता येत नाही. काटा वापरण्याचा खरा फायदा हाच. बोटांना ‘पुढे गेला’ एवढेच कळते, किती ते काटा सांगतो.

रवा मिसळल्यावर मिश्रण कोरडे पडले तर सगळ्यावर एकदम पाणी शिंपडू नये. किलोभर मिश्रण वेगळे काढावे, त्यात एकेक चमचा गरम पाणी घालून किती लागते ते पाहावे, पंधरा मिनिटे झाकून ठेवावे आणि मग तोच हिशेब बाकीच्याला लावावा. पाण्याऐवजी दूध घातले तर लाडू चवीला छान लागतात, पण ते लवकर खराब होतात. विकायच्या किंवा परगावी पाठवायच्या लाडवांना म्हणून पाणीच बरे.

मिश्रण सैल राहिले तर पहिला उपाय म्हणजे थांबणे. पाच किलोचे मिश्रण एकाच कढईत ठेवले तर मधला भाग कित्येक तास गरम राहतो आणि कडा आधी आवळतात. ते दोन-तीन परातींत पसरून झाकावे आणि दर वीस मिनिटांनी खालीवर करावे. रात्रभर ठेवूनही आवळले नाही तर पाक कच्चाच होता असे समजावे. अशा वेळी मिश्रण मंद आचेवर थोडे थोडे परतून ओल कमी करावी, किंवा पाव-अर्धा किलो रवा तुपात भाजून त्यात मिसळावा. सैल मिश्रणाचे लाडू तसेच दाबून वळले तर ते बसतात आणि जास्तीच्या ओलीमुळे बुरशीही लवकर धरते.

ओल्या नारळाने हिशेब बदलतो का?

बदलतो, आणि हे अनेकदा लक्षात येत नाही. ताज्या खोवलेल्या खोबऱ्याच्या वजनाचा निम्म्याच्या आसपास भाग पाणीच असते. पाच किलो रव्यात एक किलो ओले खोबरे कच्चेच घातले तर त्याबरोबर अर्ध्या लिटरच्या आसपास पाणी येते. आपण पाकातून मोजूनमापून उडवलेल्या ४०० ग्रॅमपेक्षाही हे जास्त. म्हणून रवा भाजून होत आला की खोबरे त्यातच घालून, हाताला कोरडे लागेपर्यंत परतावे. तरीही नारळाचे लाडू साध्या लाडवांइतके टिकत नाहीत. आठवडाभर टिकायला हवेत अशा मागणीला सुके खोबरे वापरावे किंवा खोबरे वगळावे.

हेच प्रमाण सगळ्या पक्वान्नांना चालेल का?

नाही. लाडवात आपल्याला साखर बाहेर यायला हवी असते, म्हणून पाकात लिंबू पिळू नये. लिंबाच्या आंबटपणामुळे उकळताना साखरेच्या काही भागाचे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज या दोन साध्या साखरांत विघटन होते आणि त्या कण धरू देत नाहीत. जिलबीचा पाकही एकतारीच असतो, पण तिथे तो तासन् तास पातळ आणि चकचकीत राहायला हवा, म्हणून लिंबू हवेच. गुलाबजामला पाक आतपर्यंत शिरायला हवा, म्हणून तो तारेच्या आधीच, नुसता चिकट असताना उतरवतात.

मग बदलायला काय हवे?

आपल्या पाककृती अजूनही पाक कसा सुरू करायचा ते सांगतात आणि तो कुठे संपवायचा ते तारेवर सोडतात. दोन वाट्यांच्या कामात ते चालून जाते, कारण हात आणि पातेले रोजचे असते. मागणी घेऊन किलोंनी काम करणाऱ्यांनी आपल्या वहीत ‘साखर इतकी, पाणी इतके’ यापुढे एक ओळ वाढवावी : पाकाचे शेवटचे वजन इतके. साखर गुणिले १.४ हा आकडा सुरुवातीला धरावा. पहिल्या वेळी लाडू थोडे कडक वाटले तर पुढच्या वेळी १.४२, सैल वाटले तर १.३८. आपल्या रव्याला आणि आपल्या गिऱ्हाइकाच्या दातांना जुळणारा आकडा दोन-तीन वेळांत सापडतो. मग कढईपाशी कोणीही उभे असले तरी शंभरावा लाडू पहिल्यासारखाच निघतो.